चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर लहान कसा झाला

इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जुन्या सामानाचा डबा उपसला, तर एखादा विटेसारखा जड चार्जर हाताला लागतो. वजन सगळं लोखंडी पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं, आणि ते आलं 50 हर्ट्झमुळे. विजेचा अर्धा फेरा 10 मिलिसेकंद चालतो. तेवढा वेळ गाभ्यातलं चुंबकत्व वाढत राहतं, ते पेलायला लोखंड भरपूर लागतं आणि वेढेही. सेकंदाला साठ हजार फेरे केले तर नखाएवढा गाभा पुरतो. फक्त तो फेराइट या चुंबकी सिरॅमिकचा हवा. पत्रे त्या वेगाला तापतात.

हे गणित जुनंच होतं. घोडं अडलं होतं स्विचपाशी. 230 व्होल्ट एसी डायोडांतून गेले की कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी साठतात. ते सेकंदाला हजारो वेळा तोडायचे, आणि तोडताना ट्रान्सफॉर्मरच्या झटक्याची भर पडते, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरला पाचसहाशे व्होल्ट सोसावे लागतात. असे वेगवान ट्रान्झिस्टर 1960 च्या दशकाच्या अखेरीस मिळू लागले. 1977 च्या ॲपल-2 संगणकात अभियंते रॉड होल्ट यांनी असाच वेगानं तोडजोड करणारा वीजपुरवठा बसवला, आणि श्रेय बहुतेकदा तिथेच दिलं जातं. पण मोजमापाच्या यंत्रांत आणि मोठ्या संगणकांत ही रीत त्याआधीच रुळली होती. माझ्या मते खरं श्रेय त्या ट्रान्झिस्टरचं.

ट्रान्झिस्टर चालू असताना ऊर्जा गाभ्यात साठते. बंद झाला की ती दुसऱ्या गुंडाळीतून डायोडमार्गे बाहेर पडते. चालू वेळ जितका जास्त, तितकी ऊर्जा जास्त. म्हणून कोणीतरी आउटपुटकडे सतत बघत राहावं लागतं. ते काम टीएल-431 नावाचं छोटं सर्किट करतं. दोन सारखे रेझिस्टर 5 व्होल्टचे निम्मे करून त्याला देतात, आणि ते आपल्या 2.5 व्होल्टच्या मापाशी ताडून बघतं. आउटपुट 5.1 झालं की त्याला 2.55 दिसतात, ते ऑप्टोकपलरमधला एलईडी जास्त उजळवतं, पलीकडचा फोटोट्रान्झिस्टर चालू वेळ घटवतो. निरोप उजेडानं जातो. मेन्सच्या बाजूची तार फोनच्या बाजूला कुठेच लागत नाही.

1994 मध्ये टॉपस्विच आला. त्यात स्विचचा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉसफेट, आणि त्याचं नियंत्रण एकाच चिपवर होतं, सुटे भाग कमी झाले. स्वस्तातल्या चार्जरांनी मात्र वेगळीच काटकसर केली: ऑप्टोकपलर काढून टाकला, आणि ट्रान्सफॉर्मरवरच्या तिसऱ्या गुंडाळीच्या व्होल्टेजवरून आउटपुटचा अंदाज बांधला. त्या गुंडाळीजवळ एक छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. उष्णतेनं तो सुकला की अंदाज कमी येतो, सर्किट जोर वाढवतं, आणि 5 च्या जागी 8-9 व्होल्टही बाहेर येऊ शकतात. चार्जर बाहेरून ठणठणीत दिसतो. फोन न लावता मल्टिमीटरनं आउटपुट बघितलं आणि आकडा साडेपाचच्या वर गेला, तर तो चार्जर फोनला लावू नये.