एफसीएल की एलसीएल : मिश्र मालाच्या छोट्या निर्यातीतील निवड

समुद्रमार्गे माल पाठवताना निर्यातदार पूर्ण कंटेनर स्वतःसाठी घेतो (एफसीएल), किंवा इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जागा घेतो (एलसीएल). एफसीएलचे भाडे कंटेनरमागे असते, मग तो अर्धा रिकामा गेला तरी. एलसीएलचे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. गूळ, पापड, चपला असा मिश्र माल एकत्र पाठवणाऱ्याच्या बाबतीत मालाचे आकारमान बहुधा एफसीएल आणि एलसीएल यांच्या मधोमध येते, म्हणून निवड अवघड होते.

20 फुटी कंटेनरचे आतील आकारमान सुमारे 33 घनमीटर असते. खोक्यांमधल्या फटी धरता प्रत्यक्षात 25 ते 28 घनमीटर माल बसतो. मात्र एलसीएल सोडण्याची वेळ कंटेनर भरण्याच्या बरीच आधी येते.

कोल्हापूरहून दुबईजवळच्या जेबेल अली बंदराला जाणारी एक खेप घेऊ. गूळ पावडरची 100 खोकी, 3 घनमीटर, 2 टन. पापडाची 100 खोकी, 6 घनमीटर, 800 किलो. चपलांची 40 खोकी, 4 घनमीटर, 600 किलो. एकूण 13 घनमीटर आणि 3.4 टन, म्हणजे भाडे घनमीटरवर. हिशेबापुरते दर असे धरू : एलसीएलला दोन्ही टोकांचे मिळून घनमीटरला 10,500 रुपये आणि कागदपत्रांचे ठरावीक 18,000, पूर्ण कंटेनरला दोन्ही टोकांचे मिळून 1,50,000. न्हावा-शेवा बंदरापर्यंतचा ट्रक दोन्हीकडे सारखा म्हणून सोडून देऊ. एलसीएलचा खर्च 1,54,500 होतो, म्हणजे जेमतेम अर्धा कंटेनर भरणाऱ्या मालासाठीही पूर्ण कंटेनर स्वस्त पडतो. हाच माल 9 घनमीटर असता तर एलसीएल 1,12,500 मध्ये झाले असते. दर रोज बदलतात, पण रीत बदलत नाही : कंटेनरच्या एकूण खर्चातून एलसीएलचा ठरावीक खर्च वजा करायचा आणि घनमीटरच्या दराने भागायचे. इथे उत्तर साडेबारा घनमीटरच्या आसपास येते.

या हिशेबात सर्वांत जास्त फसवते ते पलीकडच्या बंदरातले शुल्क. एलसीएलचे समुद्रभाडे कधीकधी आश्चर्य वाटावे इतके कमी सांगितले जाते. ती कसर कंटेनर उघडून माल वेगळा करण्याच्या शुल्कातून आणि माल ताब्यात घेण्याच्या परवानगीपत्राच्या, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरच्या, शुल्कातून आयातदाराकडून भरून काढली जाते. निर्यातदाराला आपला दर उत्तम वाटतो आणि दोन महिन्यांनी ग्राहक पुढची ऑर्डर देत नाही. म्हणून माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरकडून दोन्ही टोकांचे शुल्क घनमीटरमागे आणि खेपेमागे असे वेगळे, लेखी मागावे. जो पलीकडचा आकडा लेखी देत नाही, त्याच्या स्वस्त भाड्याला अर्थ नाही.

दुसरी फसगत मोजमापाची. एलसीएलचा माल उरण परिसरातल्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनवर, म्हणजे सीएफएसवर, उतरतो आणि तिथे पुन्हा मोजला जातो. 40 × 30 × 25 सेंटीमीटरचे खोके फुगून लांबी, रुंदी आणि उंचीत प्रत्येकी 2 सेंटीमीटर वाढले, तर त्याचे आकारमान 21 टक्के वाढते. पॅकिंग लिस्टमध्ये भरलेल्या, टेप लावलेल्या खोक्याचे बाहेरचे माप लिहावे, कोऱ्या खोक्याचे नव्हे.

मिश्र मालाला खर्चापलीकडची एक अडचण असते. एलसीएलमध्ये शेजारी आपण निवडत नाही. त्याच कंटेनरमध्ये रबर किंवा अगरबत्ती असेल तर पापडाला वास लागू शकतो. शिवाय दुसऱ्या कुणाचा माल कस्टम्सने अडवला तर पूर्ण कंटेनर थांबतो आणि आपली कागदपत्रे बिनचूक असूनही उपयोग होत नाही. पूर्ण कंटेनरमध्ये हा धोका नसतो, पण त्यातल्या आपल्याच एका वस्तूचे प्रमाणपत्र राहिले तर उरलेला सगळा मालही अडकतो. अशी शंकास्पद वस्तू वेगळ्या खेपेत काढणे मला शहाणपणाचे वाटते.

आपला कंटेनर घेतला की भरण्याची रचना आपल्या हाती येते. जड गूळ तळाशी, दोन्ही बाजूंना सारखा, आणि पापड वर ठेवावेत. चपला दाराकडच्या बाजूला, खाद्यपदार्थांपासून दूर ठेवाव्यात, पण आपल्याच चामड्याचा वास त्याच बंद हवेत राहणार म्हणून त्या आधी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलेल्या हव्यात. अर्ध्या भरलेल्या कंटेनरमध्ये खोकी सरकतात, त्यामुळे मोकळ्या जागेत हवेच्या पिशव्या भरून वर पट्टे बांधावे लागतात. गूळ ओल ओढून घेतो आणि समुद्रप्रवासात छतावर पाणी जमून ठिबकते, तेव्हा आर्द्रताशोषकांच्या पिशव्या टांगाव्या लागतात.

कोल्हापूरच्या गोदामातच कंटेनर भरायचा तर तो साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त अंतरावरून रिकामा आणावा लागतो आणि त्या फेरीचे भाडे वरच्या हिशेबात मिळवावे लागते. त्याऐवजी माल साध्या ट्रकने सीएफएसला नेऊन तिथेच आपला कंटेनर भरता येतो. याला डॉक स्टफिंग म्हणतात. यात माल एकदा जास्त हाताळला जातो, म्हणून पापडासारख्या नाजूक मालाच्या भरणीला आपला माणूस हजर असावा.