मधल्या वेळात डोकं पूर्ण मोकळं होतं का?

डोकेदुखीबद्दल विचारलं की माणूस सर्वांत वाईट दिवसाचं वर्णन करतो. कळ कशी येते, किती वेळ राहते, तेव्हा काय सुचेनासं होतं, वगैरे. डॉक्टरही बहुधा तेच टिपून घेतात. एका विशिष्ट डोकेदुखीचं निदान वर्षानुवर्षं हुकतं ते इथेच. तिची खूण मोठ्या कळेत शोधून सापडत नाही, ती दोन कळांच्या मधल्या वेळात असते.

हेमिक्रेनिया कंटिन्युआ हे तिचं नाव. नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओत्तार श्योस्ताद आणि त्यांचे सहकारी स्पायरिंग्स यांनी १९८४ साली तिचं वर्णन केलं. डोक्याची एकच बाजू तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहते. दुखणं सौम्य ते मध्यम असतं, पण शून्यावर येत नाही, आणि अधूनमधून त्याच बाजूला जोरदार उसळी घेतं. काही थोड्या रुग्णांत मध्ये दिवसच्या दिवस आराम पडतो, पण बहुतेकांना तोही मिळत नाही.

समजा, चव्वेचाळीस वर्षांची एक बाई आहे. आठ महिन्यांपासून तिच्या उजव्या डोळ्यामागे आणि कानशिलात दुखतंय. आठवड्यातून तीन-चारदा कळ वाढते आणि काही तास टिकते. त्या वेळी उजवा डोळा लाल होतो, पाणी येतं, उजवी नाकपुडी चोंदते आणि डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्यात काही सापडत नाही. नाक चोंदतं म्हणून सायनसचे उपचार होतात. मग उजव्या वरच्या दाढेवर संशय येतो आणि तिचं रूट कॅनल होतं. शेवटी अर्धशिशी ठरते, कारण उसळीच्या वेळी मळमळ होते आणि उजेड सहन होत नाही. यातला कुठलाच तर्क वेडगळ नाही. हेमिक्रेनिया कंटिन्युआत ही सगळी लक्षणं खरोखर दिसू शकतात, म्हणून तर फसगत होते.

मग कोणीतरी विचारतं, “कळ नसते तेव्हा डोकं पूर्ण मोकळं असतं का?” ती म्हणते, “नाही हो, थोडं दुखणं तर असतंच. त्याचं काय सांगायचं?” निदानाची दिशा या उत्तराने बदलते. अर्धशिशीतही बाजू एकच असू शकते, पण बऱ्याच जणांत ती कधी ना कधी बदलते आणि दोन झटक्यांच्या मध्ये डोकं मोकळं होतं. इथे बाजूही ठरलेली आणि दुखणंही अखंड. शिवाय उसळीच्या वेळी ही बाई अंधाऱ्या खोलीत पडून राहत नाही. तिला चैन पडत नाही, ती येरझाऱ्या घालते.

डोळ्याचं पाणी आणि चोंदलेलं नाक यांचा सायनसशी संबंध नसतो. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चाळवली की मेंदूच्या तळाशी एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते, आणि अश्रुग्रंथी व नाकाच्या अस्तराकडे जाणाऱ्या नसा जाग्या होतात. त्यामुळे डोळा आणि नाक दुखऱ्या बाजूलाच वाहतात. मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये या दुखण्याच्या वेळी हायपोथॅलॅमसचा मागचा भाग आणि मेंदूस्तंभातला एक भाग सक्रिय झालेले दिसले आहेत. म्हणजे बिघाड दाढेत किंवा नाकात नसून खूप आत असतो.

आता औषध. इंडोमेथासिन हे १९६० च्या दशकापासून सांधेदुखीसाठी वापरलं जाणारं जुनं वेदनाशामक आहे. हेमिक्रेनिया कंटिन्युआच्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्याला जागा आहे: पुरेशा मात्रेत दिल्यावर दुखणं संपूर्ण थांबलं पाहिजे. थोडं कमी होणं पुरत नाही. त्याच गटातली आयबुप्रोफेनसारखी औषधं सहसा हे करू शकत नाहीत. इंडोमेथासिनलाच ते का जमतं, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही. नायट्रिक ऑक्साइडमुळे मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि इंडोमेथासिन ते रोखतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

आपल्या या बाईचा आधी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय होतो. पिट्युटरी ग्रंथीचा भाग नीट पाहिला जातो, मानेतल्या रक्तवाहिन्याही तपासल्या जातात. सगळं ठीक निघाल्यावर २५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी. तीन-चार दिवसांत फारसा फरक नाही. मग ५० मिलिग्रॅम तीनदा. दुसऱ्या दिवशी दुपारी दुखणं थांबतं, आणि मधलंही थांबतं. पुढे एक दिवस गोळ्या राहून जातात आणि ते परत येतं. हाही एक पुरावाच.

ही चाचणी अर्धवट सोडली जाते, हा मला सर्वांत मोठा घोटाळा वाटतो. दिवसाला एकूण ७५ मिलिग्रॅमवर थांबून कागदावर “इंडोमेथासिनचा उपयोग नाही” असं लिहिलं की तो दरवाजा कायमचा बंद होतो. निकषांप्रमाणे मोठ्या माणसात किमान १५० मिलिग्रॅमपर्यंत, आणि गरज पडली तर २२५ पर्यंत जायचं असतं. उलट बाजूची चूकही होते. आराम पडला म्हणजे आत दुसरं काही नाही, असं समजलं जातं. पिट्युटरीच्या गाठीमुळे किंवा इतर आजारामुळे होणारं दुखणंही या औषधाने थांबल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून स्कॅन टाळायचा नाही. आधी पुरणारी मात्रा पुढे पुरेनाशी झाली, तर पुन्हा तपासायचं.

या डोकेदुखीची एक बहीण आहे, पॅरोक्सिस्मल हेमिक्रेनिया. तिचे झटके २ ते ३० मिनिटांचे, दिवसातून पाचाहून अधिक आणि तितकेच एकतर्फी. तिच्यातही इंडोमेथासिन पूर्ण काम करतं. क्लस्टर डोकेदुखी दिसायला अगदी तशीच, पण झटका १५ मिनिटं ते तीन तास टिकतो, आणि तिथे हे औषध सहसा चालत नाही. खोकल्याने किंवा व्यायामाने उठणाऱ्या आणि सुईसारख्या टोचणाऱ्या काही डोकेदुख्यांतही ते बऱ्याचदा उपयोगी पडतं, मात्र तिथे पूर्ण आराम ही अट नाही.

दुकानातून आणून घरी करायचा हा प्रयोग नव्हे. इंडोमेथासिनने जठराला व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. काही दमेकऱ्यांना ते चालत नाही, गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं. शिवाय आजार मुळातून जात नाही, म्हणून दुखणं आवरलं की मात्रा हळूहळू उतरवत सर्वांत कमी पुरेल तिथे थांबवतात. पोट साथ देत नसेल तर सेलेकॉक्सिब, टोपिरामेट, मेलाटोनिन किंवा डोक्याच्या मागच्या नसेजवळ भूल देण्याचं इंजेक्शन यांचा विचार होतो. कोणताच पर्याय तितका खात्रीचा नाही.

अखंड एकतर्फी दुखण्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत थोडे दिवस गेले तरी बहुधा चालतं. काही परिस्थितींत मात्र थांबू नये. मान आणि डोकं एका बाजूला अचानक दुखू लागलं, त्याच बाजूची पापणी खाली आली आणि बाहुली लहान झाली, तर मानेतली मोठी धमनी आतून फाटलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावं. वय पन्नाशीच्या पुढे असून कानशील हात लावताच दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल किंवा नजर अंधुक होत असेल, तर धमनीच्या सुजेसाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या तातडीने लागतात. त्या सुजेवर स्टेरॉइड लवकर सुरू झालं नाही तर डोळा कायमचा जाऊ शकतो.