केशरी चेहरा, निळसर सावल्या: हा रंग फोटोत आला कुठून?

सांगलीत कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी काढलेले बरेच फोटो हल्ली एकाच रंगाचे दिसतात. आयर्विन पूल आणि पाणी हिरवट निळे, माणसं केशरी. ही सवय सिनेमातून आली आहे.

पूर्वी सिनेमाचा रंग लॅबमध्ये ठरायचा. प्रिंट काढताना लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करायचे आणि तो बदल अख्ख्या चौकटीवर पडायचा. चेहरा वेगळा काढायची सोय नव्हती. 2000 साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा सिनेमा स्कॅन करून संगणकावर रंगवला गेला आणि छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी त्यातली हिरवीगार झाडी सुकी पिवळी केली. एकच रंग निवडून बदलता येतो म्हटल्यावर सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या कलरिस्टांना वाट मोकळी झाली. त्वचा गोरी असो वा काळी, तिचा रंग केशरीच्या आसपास असतो, कारण तो मेलॅनिन आणि रक्तामुळे येतो. रंगचक्रात केशरीच्या समोरचा रंग टील, म्हणजे हिरवट निळा. पार्श्वभूमी तिकडे ढकलली की चेहरा उठून दिसतो.

पण कलरिस्ट चेहऱ्याचा भाग वेगळा निवडून, म्हणजे त्याला मास्क लावून, तो जपायचे. मोबाइलवरच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे एका टॅपवर लागणाऱ्या तयार रंगसेटिंगमध्ये, बहुतेकदा मास्क नसतो. प्रीसेट सरसकट सावल्यांत टील ओततो, आणि सावळ्या माणसाचा गाल उन्हाच्या विरुद्ध बाजूला असेल तर तोही त्याच्या लेखी सावलीच. म्हणून अर्धा चेहरा केशरी, अर्धा मळकट हिरवा. आपल्याकडे हे जास्त होतं ते यामुळेच.

फिल्मचा दुसरा वारसा मला पोर्ट्रेटसाठी जास्त जवळचा वाटतो. कोडॅकची पोर्ट्रा ही निगेटिव्ह 1998 मध्ये आली, खास त्वचेसाठी. तिचे रंग सौम्य, कॉन्ट्रास्ट बेताचा. निवडायचा असेल तर त्या वळणाचा प्रीसेट निवडा.

समजा, पांढरा शर्ट घातलेला सावळा भाऊ घाटाच्या पायरीवर बसलाय, ऊन डावीकडून. लाइटरूम या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये आधी व्हाइट बॅलन्स शर्टाच्या उन्हातल्या भागावरून घ्या, पण थोडा उबदार ठेवा, नाहीतर संध्याकाळच निघून जाते. मग प्रीसेट लावा आणि कॅलिब्रेशनमध्ये ब्लू प्रायमरीचा ह्यू स्लायडर बघा. तो पार डावीकडे असेल तर केशरी-टीलचं मूळ तिथंच आहे. तो शून्याकडे आणा. सावल्यांचा टील निम्मा करा. तरी उजवा गाल हिरवट वाटला, तर चेहऱ्यावर मास्क लावून टिंट किंचित मॅजेंटाकडे न्या. ऑरेंजचं सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी उतरवा, तेही थोडंच. फार उतरवलं की चेहरा राखाडी पडतो.

बरोबर झालं का, हे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरून आणि दातांवरून कळतं. ते निळसर किंवा पिवळे दिसले तर अजून काम बाकी आहे.

रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली मात्र हा उपाय चालत नाही. त्या प्रकाशात पिवळ्याशिवाय बाकीचे रंग जवळपास नसतातच, त्यामुळे ते परत आणता येत नाहीत. असा फोटो सरळ कृष्णधवल करावा.