मेंदी रात्रभर, नीळ दहा मिनिटं

चुलतभावाचं लग्न आठवड्यावर आलेलं. रविवारी दुपारी शिवाजी पेठेत आत्याकडे गेले, तर ती आरशासमोर तोंड पाडून बसलेली. कानाजवळचे आणि भांगाजवळचे केस शेंदरी, अगदी गणपतीला लावतात त्या शेंदरासारखे. मागचे केस तेवढे ठीक होते, कारण तिथं पांढरे कमी.

"आगं, सगळं पुस्तकात दिल्यागत केलं," ती म्हणाली. "मेंदी घातली, ते इंडिगो घातलं, लिंबू पिळलं, लोखंडाच्या कढईत रात्रभर भिजवलं. काळं व्हायचं सोडून हे बघ काय झालं!"

सामान चांगलं होतं आणि मेहनतही चांगली. मुख्य चूक घड्याळाची होती. मेंदीची पूड आणि नीळीच्या, म्हणजेच इंडिगोच्या, पानांची पूड, दोन्ही हिरवट आणि दोन्ही पाण्यात कालवायच्या, म्हणून आपण त्यांना एकाच रीतीनं वागवतो. प्रत्यक्षात एकीला रात्रभर भिजू द्यावं लागतं आणि दुसरी रात्रभर भिजली की कामातून जाते.

आधी मेंदी. मेंदीच्या पानात रंग देणारं द्रव्य आहे लॉसोन. पण पानात ते बहुतांश साखरेच्या रेणूशी बांधलेल्या रूपात असतं आणि त्या रूपात केसाला रंग देत नाही. पूड कोमट पाण्यात, थोड्या आंबटपणासह भिजली, की ती गाठ हळूहळू सुटते आणि लॉसोन मोकळा होतो. याला वेळ लागतो आणि तो वेळ उष्णतेवर ठरतो. कोल्हापुरात मे महिन्यात तीन-चार तासांत मेंदी तयार होते. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर ठेवली तरच बरी. तयार झाली की नाही हे तळहातावर कळतं. चिमूटभर लगदा तळव्यावर पाच मिनिटं ठेवून धुवा. नारिंगी डाग उमटला, तर लॉसोन सुटलाय. भांड्यात बघितलं तर वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसतो. मात्र दोन-दोन दिवस ठेवू नये. मोकळा झालेला लॉसोन तसाच पडून राहिला, की बिघडत जातो आणि रंग फिका येतो.

मोकळा झालेला लॉसोन केसात शिरतो आणि केस ज्या प्रथिनाचा बनलाय त्या केराटिनशी रासायनिक बंध करतो. हा बंध पक्का असतो, म्हणून मेंदीचा रंग धुण्यानं फारसा जात नाही, केस वाढून कापले जाईपर्यंत राहतो. पण तो झाकणारा रंग नव्हे, पारदर्शक रंग. नारिंगी जिलेटिनचा कागद पांढऱ्या पानावर धरा, पान नारिंगी दिसेल. काळ्या पानावर धरा, जेमतेम छटा दिसेल. पांढरा केस म्हणजे मेलॅनिन नसलेला, कोरा केस. त्यावर लॉसोन पूर्ण उजळ दिसतो. आत्याचे कानाजवळचे केस शेंदरी आणि मागचे ठीक, याचं कारण एवढंच.

आता नीळ. हा शब्द काढला की आत्याचा पहिला प्रश्न, "म्हंजे कापडाला घालतात ती?" नव्हे. कपड्यांना पांढरेपणा आणायला घालतात तो वेगळा रंग, तो केसाला कधी लावू नये. आणि सूत रंगवणाऱ्यांकडची गडद निळी वडीही आपल्या उपयोगाची नाही. आपल्याला हवी नीळीच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, आणि ती हिरवी असते. निळ्या रंगाची पूड हातात आली तर समजावं, रंग आधीच तयार होऊन बसलाय, केसात शिरणार नाही.

असं का, तर नीळीच्या पानात निळा रंग नसतोच. असतं इंडिकन नावाचं बिनरंगी द्रव्य, तेही साखरेशी बांधलेलं. पानातच एक विकर असतं, म्हणजे एंझाइम, जे ही बांधणी तोडतं. जिवंत पानात ही दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. पान वाळवून कुटलं आणि त्यावर पाणी पडलं, की दोघं समोरासमोर येतात. विकर इंडिकनमधली साखर काढून टाकतं आणि मागे उरतं इंडॉक्सिल. हा रेणू छोटा आणि पाण्यात विरघळणारा, म्हणून केसात शिरू शकतो. मग हवेतला ऑक्सिजन मिळाला, की दोन इंडॉक्सिल एकमेकांना जुळतात आणि तयार होतो निळा इंडिगो. तो पाण्यात अजिबात विरघळत नाही.

सगळी मेख इथं आहे. इंडॉक्सिल केसाच्या आत असताना जुळलं, तर निळा रंग आत अडकतो. भांड्यातच जुळलं, तर तयार झालेला इंडिगो केसाच्या बाहेर बसतो आणि पहिल्या पाण्याबरोबर मोरीत वाहून जातो. म्हणून नीळ कालवायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि लगेच लावायची. आत्याची नीळ रात्रभरात कढईतच संपली होती. सकाळी तिनं लावली ती निव्वळ मेंदी, आणि मेंदीनं आपलं काम चोख केलं.

लिंबानंही भर घातली. मेंदीला आंबटपणा चालतो, नीळीला चालत नाही. आंबट पाण्यात इंडॉक्सिलची जुळणी मंदावते. दही, चिंच, आवळ्याचं पाणी नीळीत घालायचं नाही. उकळतं पाणीही नको, त्यात विकरच मरतं. कोमट पाणी, हात घालता येईल इतपत.

कढईचं विचाराल, तर लोखंड आणि चहा किंवा आवळ्यातली टॅनिनं मिळून काळं द्रव्य बनतं, हीच जुन्या शाईची रीत. लगदा काळा दिसतो आणि आपल्याला वाटतं, केसही काळे होणार. पण कढईतला काळेपणा आणि केसाचा काळेपणा या दोन गोष्टी आहेत. मी तरी काचेचा वाडगा वापरते.

तर आता आत्याचं काय करायचं? सोय अशी की तिचं अर्धं काम होऊनच गेलं होतं. काळा रंग येतो तो नारिंगीवर निळा चढून, म्हणून दोन टप्प्यांच्या पद्धतीत आधी मेंदीच लावतात, दोन-तीन तास ठेवून धुतात आणि त्यावर नीळ. पांढऱ्या केसावर नुसती नीळ लावली असती, तर केस निळसर राखाडी झाले असते आणि रंग लवकर उतरला असता. आत्याच्या केसांवर मेंदीचा पाया चांगला पक्का होता. राहिली होती ती फक्त नीळ.

बुधवारी संध्याकाळी बसलो. आत्याचे केस खांद्यापर्यंत, त्याला शंभर ग्रॅम पूड घेतली. आधी केस साध्या शाम्पूनं धुतले, कंडिशनर नाही आणि दोन दिवस तेलही नाही, कारण तेलकट केसात रंग शिरत नाही. टॉवेलनं टिपून ओलसर ठेवले. पुडीत चिमूटभर मीठ टाकून कोमट पाणी थोडं थोडं ओतत, गाठी मोडत, घट्ट दह्याइतकं कालवलं आणि झाकून ठेवलं. दहाव्या मिनिटाला झाकण काढलं तेव्हा वरची साय निळसर झालेली, तिच्यावर तांबूस तेलासारखी चमक, आणि चमच्यानं ढवळलं की खालून हिरवं. वास भिजवलेल्या पालेभाजीचा. हीच लावायची वेळ.

हातमोजे घालून सुरुवात कानशिलांपासून केली. तिथले पांढरे केस जाड असतात, बाहेरचे खवले घट्ट बसलेले असतात आणि रंग घ्यायला नाक मुरडतात. त्यांना जास्त वेळ मिळावा म्हणून आधी तिथं, मग भांगाला, शेवटी टोकांना. वरून प्लॅस्टिकची टोपी, कारण वाळलेला लगदा रंग देत नाही. दीड तासानं केस धुतले, नुसत्या पाण्यानं.

आरशात बघून आत्या पुन्हा बसली. केस हिरवट दिसत होते. "हे शेंदरापेक्षा वाईट झालं की गं!" मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत शाम्पूला हात लावू नकोस आणि मग बोल. केसातलं उरलेलं इंडॉक्सिल हवेत जुळायला दोन दिवस लागतात. गुरुवारी हिरवटपणा जाऊन गडद तपकिरी, शुक्रवारी सकाळी काळसर. कानशिलांजवळ उन्हात बघितलं तर किंचित तांबूस झाक. लग्नात कुणाच्या लक्षात आली नाही, निदान कुणी बोललं तरी नाही.

काळा नको, तपकिरी हवा असेल तर दोन्ही एकत्र लावता येतं, पण भिजवायचं तेव्हाही वेगळंच. मेंदी रात्री भिजवा, नीळ लावण्याआधी दहा मिनिटं वेगळ्या वाडग्यात कालवा आणि मग मिसळा. समसमान घेतली तर मध्यम तपकिरी, नीळ दुप्पट घेतली तर गडद. तीन तास ठेवावं लागतं. खात्री नसेल तर कंगव्यात अडकलेले चार पांढरे केस दोऱ्यानं बांधून त्यांच्यावर आधी करून बघावं. डोक्यावर चुकण्यापेक्षा ते स्वस्त.

काय होणार नाही तेही सांगते. केसाचा रंग यानं फिका करता येत नाही, फक्त गडद होतो, आणि मनाला आलं म्हणून मागे फिरता येत नाही. नीळ चढलेल्या केसावर पार्लरमध्ये ब्लीच केलं, तर हिरवा रंग निघू शकतो. नीळ मेंदीसारखी केराटिनला बांधली जात नाही, नुसती अडकून बसते. जीन्सचा रंगही हाच इंडिगो, आणि ती धुऊन धुऊन विटते हे आपण बघतोच. त्यामुळं काही आठवड्यांत काळा थर विरतो आणि खालची मेंदी तांबूस डोकावू लागते.

एक धोका मात्र खरा आहे. दुकानात 'काळी मेंदी' म्हणून मिळणारी आणि अर्ध्या तासात काळं करणारी पूड बहुधा नुसती पानांची नसते. लॉसोन आणि इंडिकन इतक्या घाईनं काम करत नाहीत. अशा पुडीत अनेकदा पॅरा-फिनिलीनडायअमिन हे रसायन असतं, ज्याची काहींना तीव्र ॲलर्जी येते. टाळू सुजते, डोळे सुजून बंद होतात. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, आणि पूड पानांचीच असली तरी कानामागे थोडी लावून दोन दिवस बघा. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल, तर मेंदीही त्यांच्यापासून लांब ठेवा. लॉसोन त्वचेतून आत गेला, तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि तान्ह्या मुलांना हा धोका सगळ्यात जास्त.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लग्नाला पाच आठवडे झाले तेव्हा आत्याच्या भांगात पांढरी रेघ आली. आता ती फक्त मुळांना लावते, तीस ग्रॅम मेंदी आणि तीस ग्रॅम नीळ. मेंदीचा वाडगा रात्री ओट्यावर झाकून ठेवलेला असतो आणि नीळीचं पाकीट कपाटात तसंच बंद, सकाळी मेंदी धुऊन होईपर्यंत.