विमा पॉलिसी पत्नी-मुलांच्या नावे करताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्यवसायासाठी कर्ज घेतलेले किंवा दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेले अनेक ग्राहक आम्हांला विचारतात की, आपल्या पश्चात विम्याची रक्कम सावकाराच्या हाती न जाता घरच्यांनाच मिळेल अशी तजवीज करता येते का. तशी तजवीज करता येते. मात्र ती कधी केली आणि कोणत्या मार्गाने केली, यावर ती टिकते की नाही हे ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉलिसीवर पत्नीचे नाव वारस म्हणून लावणे, म्हणजे नॉमिनेशन करणे, आणि पॉलिसी तिच्या नावे करून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉमिनेशन विमेदाराला हवे तेव्हा बदलता येते आणि त्याच्या हयातीत पॉलिसी त्याच्याच मालकीची राहते.

नवी पॉलिसी घेणाऱ्या विवाहित पुरुषासाठी सर्वांत भक्कम मार्ग विवाहित स्त्रियांची मालमत्ता अधिनियम, १८७४ याच्या कलम ६ मध्ये आहे. स्वतःच्या जीवनावर घेतलेली पॉलिसी पत्नीच्या, मुलांच्या किंवा दोघांच्याही लाभासाठी आहे असे पॉलिसीवरच नमूद असेल, तर ती त्यांच्यासाठीचा न्यास मानली जाते आणि लाभार्थींपैकी कोणीही असेपर्यंत ती विमेदाराच्या ताब्यात, त्याच्या इस्टेटीत किंवा त्याच्या धनकोंच्या आवाक्यात येत नाही. यासाठी प्रस्ताव-अर्जासोबतच स्वतंत्र जोडपत्र भरावे लागते. जुन्या पॉलिसीवर ही नोंद मागाहून करता येत नाही. रक्कम स्वीकारण्यासाठी विश्वस्त नेमावा, कारण तसा विश्वस्त नसेल तर ती राज्याच्या शासकीय विश्वस्ताकडे जमा होते आणि कुटुंबाला तिथून ती मिळवावी लागते. या पॉलिसीवर पुढे कर्ज काढणे, ती सरेंडर करणे किंवा लाभार्थी बदलणे विमेदाराच्या एकट्याच्या मर्जीने होत नाही. वैवाहिक संबंध बिघडले तरी नाव सहज काढता येत नाही. हे बंधन नको असेल, तर संरक्षणाचीही अपेक्षा धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या पॉलिसीसाठी विमा अधिनियम, १९३८ याच्या कलम ३८ प्रमाणे असाइनमेंट, म्हणजे पॉलिसीची मालकी दुसऱ्याच्या नावे करून देणे, हा मार्ग घ्यावा लागतो. पॉलिसीवर शेरा लिहून किंवा वेगळ्या दस्ताने ती करता येते. त्यावर विमेदाराची सही आणि किमान एका साक्षीदाराची साक्ष हवी. दस्त तयार करून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. विमा कंपनीला लेखी सूचना आणि दस्त किंवा त्याची प्रमाणित प्रत पोहोचेपर्यंत ती असाइनमेंट कंपनीवर बंधनकारक होत नाही, म्हणून कंपनीकडून नोंदीची लेखी पोच अवश्य घ्यावी. असाइनमेंट झाली की आधीचे नॉमिनेशन रद्द होते. “पत्नी आधी वारली तर पॉलिसी पुन्हा माझ्याकडे यावी” अशी अट कायद्याला मान्य आहे. पण तशा अटीत विमेदाराचा हक्क शिल्लक राहतो आणि धनकोला तेवढी फट मिळते. बिनशर्त असाइनमेंट केली आणि पत्नी आधी वारली, तर पॉलिसी तिच्या वारसांकडे जाते, ज्यांत पतीही असू शकतो. हा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

समजा, एका छपाई-व्यावसायिकाने धंदा सुरळीत असताना ५० लाखांची टर्म पॉलिसी कलम ६ खाली घेतली, पत्नी व मुलगी यांना लाभार्थी ठेवले आणि मेहुण्याला विश्वस्त नेमले. त्याच्याकडे २० लाखांची जुनी पॉलिसीही होती. पाच वर्षांनी धनादेश परत येऊ लागले, तेव्हा घाईने त्याने ही जुनी पॉलिसी मोबदला न घेता पत्नीच्या नावे करून दिली. त्यानंतर सहा महिन्यांनी धनकोंनी त्याच्याविरुद्ध नादारीचा अर्ज केला, तो नादार ठरला आणि काही काळाने वारला. कर्ज ३५ लाख राहिले होते. पहिल्या पॉलिसीचे ५० लाख मेहुण्यामार्फत पत्नी व मुलीला मिळतील, कारण ती घेताना कोणाला बुडवण्याचा हेतू नव्हता. जुन्या पॉलिसीची असाइनमेंट मात्र धनको रद्द करून मागू शकतात : धनकोंना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतर त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकते, आणि नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेल्या हस्तांतरालाही नादारीच्या कायद्याखाली आव्हान देता येते. कलम ६ खालची पॉलिसीही धनकोंना फसवण्याच्या हेतूने घेतली असेल, तर तिच्या रकमेतून वसुलीचा धनकोंचा हक्क कायम राहतो.

जी पॉलिसी बँकेकडे तारण म्हणून आधीच असाइन झाली आहे, तिच्यावर बँकेचा हक्क प्रथम राहतो. आधी कर्ज फेडून ती परत आपल्या नावे करून घ्यावी लागेल. आमच्याकडे येताना मूळ पॉलिसी आणावी. तिच्या अनुसूचीत आणि मागील शेऱ्यांत काय नोंदले आहे हे पाहिल्यावरच कोणता मार्ग खुला आहे ते सांगता येईल. ज्यांच्यावर आजच वसुलीचा दावा किंवा नोटीस आहे, त्यांनी कोणताही दस्त करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.