केमोच्या आधीचे दोन आठवडे

समजा, 29 वर्षांची एक बाई आहे. लग्नाला दोन वर्षं झालीत, मूल नाही. स्तनातली गाठ शस्त्रक्रियेने काढली, तपासणीत कॅन्सर हार्मोनवर वाढणारा निघाला आणि तीन-चार आठवड्यांनी केमो सुरू करायचं ठरलं. घरात सगळे केस गळतील का, खर्च किती येईल, कामावर कधी जाता येईल याची चौकशी करतात. पुढे मूल होईल का, हे विचारायला सगळेच कचरतात. जीव वाचवायचा सोडून हे काय, असं वाटतं. पण या प्रश्नाला मुदत आहे. तो पहिल्या डोसच्या आधी विचारावा लागतो.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभर पुरणारी स्त्रीबीजं असतात. ती दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात. नवीन तयार होत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरपेशी त्यात मरतात, पण अंडाशयात निपचित पडून असलेली बीजंही मरतात. साठा किती घटेल हे वयावर आणि एकूण डोसवर ठरतं. पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, हा समज चुकीचा आहे. साठा बराच आटलेला असतानाही पाळी काही वर्षं नियमित येऊ शकते. रक्तातल्या एएमएच या हार्मोनच्या तपासणीतून उरलेल्या साठ्याचा अंदाज येतो, म्हणून ती केमोच्या आधी एकदा करून ठेवतात.

यावरचा मार्ग म्हणजे केमोच्या आधीच काही बीजं काढून गोठवून ठेवणं. पूर्वी कॅन्सरचे डॉक्टर याला नको म्हणत, त्याला दोन कारणं होती आणि दोन्ही रास्त होती. पहिलं कारण वेळ. बीजं वाढवण्याची इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू करायची पद्धत होती. पाळी तीन आठवड्यांनी येणार असेल तर तेवढं थांबणार कोण? पुढे लक्षात आलं की बीज ज्या पिशवीत वाढतं त्या फॉलिकलची एका महिन्यात अंडाशयात एकच लाट नसते. लहान फॉलिकल कोणत्याही दिवशी हजर असतात. त्यामुळे आता पाळीची वाट न पाहता इंजेक्शनं सुरू करतात आणि मिळणारी बीजं जवळपास तेवढीच असतात. दुसरं कारण इस्ट्रोजेन. दहा-बारा फॉलिकल एकदम वाढले की रक्तातलं इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट होतं, आणि हिचा कॅन्सर तर त्यावरच पोसलेला. त्यावर उपाय म्हणून इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. शरीरात इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम या गोळ्या अडवतात. फॉलिकल वाढत राहतात, इस्ट्रोजेन मात्र फारसं चढत नाही. बीजं काढल्यावरही काही दिवस त्या चालू ठेवतात.

आता या बाईचे ते दिवस कसे जातात ते पाहू. जखम भरत आली की रोज संध्याकाळी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन सुरू होतं. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी फॉलिकल 18 मिलिमीटरच्या आसपास पोचतात. मग बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन ठरवलेल्या तासाला दिलं जातं आणि त्यानंतर 35-36 तासांनी बीजं काढतात. उशीर झाला तर फॉलिकल आपोआप फुटतात आणि बीजं हाती लागत नाहीत. या शेवटच्या इंजेक्शनाची निवडही महत्त्वाची असते. जुन्या पद्धतीच्या, एचसीजी या हार्मोनच्या इंजेक्शनाने अंडाशय सुजून पोटात पाणी साठण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर केमो खरोखरच लांबते. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाला शक्यतो दुसऱ्या जातीचं, स्वतःच्या मेंदूकडून संप्रेरक सोडवणारं इंजेक्शन देतात. बीजं काढायला थोडा वेळ भूल देऊन योनिमार्गातून सुई घालतात. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ती त्याच दिवशी घरी जाते.

लॅबमध्ये बीजाभोवतीचा पेशींचा मऊ थर काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते पक्व आहे का पाहतात. बीजाच्या कडेला एक छोटा गोळा दिसला तर ते पक्व. स्त्रीबीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर, आणि आत भरपूर पाणी. हळू गोठवलं तर त्या पाण्याचे स्फटिक होतात आणि फ्रीझरमध्ये विसरलेली भरलेली काचेची बाटली तडकावी तसं ते आतून तुटतं. म्हणून आधी बीज एका दाट द्रावणात ठेवतात. पाणी बाहेर जाऊन ते डोळ्यांदेखत आक्रसतं, मग द्रावण आत शिरतं तसं पुन्हा फुगतं. शेवटी केसाइतक्या बारीक पट्टीवर, जेमतेम ओल राहील इतक्या थेंबात ठेवून ते सरळ उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, ते काचेसारखं घट्ट होतं. या पद्धतीमुळेच 2012 मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने बीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

बीज गोठवायचं की नवऱ्याच्या शुक्राणूंनी फलित करून गर्भ गोठवायचा? गर्भ गोठवण्याचा अनुभव जुना आहे आणि किती चांगले गर्भ हाताशी आहेत ते लगेच कळतं. पण गर्भावर दोघांचा हक्क असतो. आजारपणाच्या ताणात संसार मोडला तर तो तिला एकटीच्या मर्जीने वापरता येत नाही. मला विचाराल तर शक्य असेल तेव्हा निदान काही बीजं तरी फलित न करता ठेवावीत. शिवाय भारतात 2021 च्या कायद्यानुसार गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो, हेही आधीच माहीत असावं.

आकड्यांबाबत स्पष्ट बोललेलं बरं. तिची दहा पक्व बीजं गोठवली असं धरू. वितळवल्यावर साधारण आठ-नऊ जगतील, सहाएक फलित होतील, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतील आणि त्यातला प्रत्येक रुजेलच असं नाही. एका मुलाची चांगली आशा, एवढाच याचा अर्थ. दुसऱ्या फेरीला बहुधा वेळ नसतो.

काहींना दोन आठवडेही मिळत नाहीत. तीव्र ल्युकेमियात केमो एक-दोन दिवसांत सुरू होते. वयात न आलेल्या मुलींमध्ये बीजं वाढवताच येत नाहीत. त्यांच्यासाठी दुर्बिणीतून अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा मार्ग आहे. तो नंतर परत बसवून झालेलं पहिलं बाळ 2004 मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. आईला हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. ल्युकेमियात मात्र त्या तुकड्यातच कॅन्सरपेशी लपलेल्या असू शकतात, म्हणून तो परत बसवणं धोक्याचं.

मुलगे आणि पुरुष यांच्यासाठी सगळं कितीतरी सोपं आहे आणि तरीही राहून जातं. एक-दोन दिवसांच्या अंतराने वीर्याचे दोन-तीन नमुने दिले की काम झालं. आजारामुळे शुक्राणू आधीच कमी असले तरी द्यावेत, कारण 1992 पासून एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडता येतो. वयात आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी डॉक्टरांनी आईवडिलांना जरा बाहेर थांबवून बोलावं. त्यांच्यासमोर तो लाजेने नाही म्हणतो. नमुना पहिल्या डोसच्या आधीचाच हवा. केमो सुरू झाल्यावरच्या शुक्राणूंच्या डीएनएवर घाव झालेला असू शकतो.

आपल्या उदाहरणातल्या बाईला केमोनंतर पाच ते दहा वर्षं हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या घ्यायच्या आहेत, आणि त्या घेताना गरोदर राहता येत नाही. गोळ्या दहा वर्षं चालल्या तर त्या संपेपर्यंत ती चाळिशीला पोचेल. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या अभ्यासात पाचशेहून अधिक बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर मुलासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं त्या थांबवल्या. पहिल्या तीन वर्षांत त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं प्रमाण 8.9 टक्के होतं, न थांबलेल्या तशाच बायकांमध्ये 9.2 टक्के. त्यापुढच्या काळाचं निरीक्षण अजून चालू आहे. त्या अभ्यासात गोळ्या बंद केल्यावर त्यांचा अंश शरीरातून जाण्यासाठी तीन महिने थांबून मगच गर्भधारणेचा प्रयत्न केला होता, आणि बाळंतपणानंतर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या होत्या. तिलाही तिच्या कॅन्सरतज्ज्ञाच्या संमतीने हाच क्रम पाळता येईल. आधी नैसर्गिकरीत्या प्रयत्न, आणि एएमएच फार खाली गेलेलं असेल तर सरळ ती दहा बीजं.