सदाहरित व प्रासंगिक लेखांचे वार्षिक नियोजन

दीर्घकाळ उपयोगी राहणारे सदाहरित लेख आणि चालू घडामोडींवर तातडीने लिहिलेले प्रासंगिक लेख यांना ब्लॉगच्या किंवा स्थानिक संकेतस्थळाच्या वर्षभराच्या आराखड्यात किती आणि कोठे जागा द्यावी, हे ठरवण्याची पद्धत. प्रासंगिक लेखाला वाचक पहिल्या एक-दोन दिवसांत मिळतो आणि नंतर तो झपाट्याने ओसरतो. सदाहरित लेख सावकाश वर येतो, पण शोधयंत्रातून त्याच्याकडे वाचक येत राहतात. या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार, म्हणजे दरवर्षी ठरावीक हंगामात परत येणारा विषय, स्थानिक लेखनात सर्वांत महत्त्वाचा ठरतो आणि नियोजनातील बहुतेक चुकाही तेथेच होतात.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या कमी असलेल्या दिवसांसाठी न शिळा होणारा मजकूर राखून ठेवण्याची रीत जुनी आहे. मात्र नियोजनाचा प्रश्न म्हणून या विभागणीला आजचे रूप आले ते शोधयंत्रांनी मजकुराचा ताजेपणा मोजायला सुरुवात केल्यानंतर. ही सुरुवात केव्हाची मानावी याबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ती २००७ ची आहे. एखाद्या विषयाचा शोध एकाएकी वाढला तर नव्या मजकुराला वर आणण्याच्या गूगलच्या तत्त्वाची माहिती त्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्समधील वृत्तान्तातून बाहेर आली. दुसरे मत नोव्हेंबर २०११ कडे बोट दाखवते. त्या महिन्यात गूगलने ताजेपणाविषयीचा व्यापक बदल जाहीर केला आणि त्याचा परिणाम सुमारे ३५ टक्के शोधांवर होईल असे सांगितले. तत्त्व २००७ चे आणि त्याचा विस्तार २०११ चा असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नियोजनकर्त्याच्या दृष्टीने मात्र २०११ ची घोषणा जास्त मोलाची आहे, कारण तीत ताज्या घटना, नियमितपणे परत येणाऱ्या घटना आणि वारंवार बदलणारी माहिती असे शोधांचे तीन वेगळे वर्ग सांगितले होते. ताजेपणाची गरज प्रत्येक प्रश्नागणिक निराळी असते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

असे असूनही अनेक मार्गदर्शक लेखनांत सदाहरित आणि प्रासंगिक मजकुराचे ठरीव प्रमाण, उदाहरणार्थ ८० आणि २०, सुचवलेले असते. असे प्रमाण वेळेची ढोबळ वाटणी करण्यापुरते उपयोगी पडते. कोणता विषय कोणत्या प्रकारात टाकावा हे ते सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयाचे उत्तर किती दिवसांत शिळे होते, हे आधी पाहून मग आराखडा आखण्याची रीत अधिक भरवशाची आहे.

सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाचा पाणीसाठा हे याचे चांगले उदाहरण आहे. पावसाळ्यात ‘दौंडमधून किती विसर्ग’, ‘उजनी किती टक्के’ आणि ‘धरण प्लसमध्ये आले का’ हे प्रश्न रोज विचारले जातात आणि त्यांची उत्तरे रोज बदलतात. पण या प्रश्नांच्या मुळाशी एक न बदलणारी माहिती आहे. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आहे. एकूण पाण्यातून मृतसाठा वजा करून टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढली जात असल्यामुळे धरणात ५३ टीएमसी पाणी असतानाही आकडा उणे २० टक्क्यांच्या आसपास दिसतो. उणे साठा म्हणजे धरण कोरडे पडले, असा समज त्यामुळे उन्हाळ्यात हमखास पसरतो. टक्केवारी कशी काढतात हे समजावून देणारा लेख त्यामुळे सदाहरित ठरतो आणि रोजचा आकडा प्रासंगिक.

या विषयाची आखणी करताना समजावणीचे पान एकदाच तयार करून त्याला वर्षाचा आकडा नसलेला कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ `/ujani-panisatha/`. नव्या पानाला शोधयंत्रात जागा मिळायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. म्हणून जूनच्या पावसासाठीचे पान मार्च-एप्रिलमध्येच प्रसिद्ध झालेले बरे. उणे आकड्याची चर्चाही त्याच सुमारास सुरू होते. पावसाळ्यात रोज नवा लेख न काढता त्या पानाच्या माथ्यावरचा आकडा वेळेसह बदलावा. वेगळा प्रासंगिक लेख फक्त वळणाच्या दिवशी लिहावा, म्हणजे धरण उण्यातून बाहेर आले, शंभर टक्के भरले किंवा भीमेत पाणी सोडल्यामुळे नदीकाठच्या गावांना इशारा दिला गेला तर. अशा प्रत्येक लेखाच्या पहिल्या काही ओळींत मुख्य पानाचा दुवा असावा. दोघे लिहिणारे असतील तर एकाने हंगामात मुख्य पान सांभाळणे आणि दुसऱ्याने वळणाच्या बातम्या लिहिणे, ही वाटणी पुरेशी होते.

ही शिस्त मोडली की रोजचा प्रत्येक लेख जवळपास सारख्याच मथळ्याने जमा होत जातो आणि एका हंगामात आपलीच कित्येक पाने एकाच शोधासाठी एकमेकांच्या आड येतात. संकेतस्थळ शोधांत कसे दिसते हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ‘उजनी पाणीसाठा’ हा शोध निवडून त्याखालील पानांची यादी पाहिली की हे लगेच ध्यानात येते. शोधनिकालांतील दर्शने पाच-सात पानांत विखुरलेली दिसतात, एकही पान वर टिकत नाही आणि वाचक मागच्या वर्षीच्या आकड्यावर जाऊन पोहोचतो. यावर उपाय म्हणजे जुन्या लेखांतील कामाचा भाग मुख्य पानात घेऊन त्यांचे पत्ते तिकडे कायमचे वळवणे. मजकूर न बदलता नुसती तारीख पुढे सरकवणे हा उपाय नव्हे. गूगलच्या मार्गदर्शनात त्याला स्पष्ट मनाई आहे आणि पाणी सुटण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची त्यात फसवणूक होते.

परत येणाऱ्या विषयांत तारखेने येणारे आणि तिथीने येणारे असा भेद करावा लागतो. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि मकरसंक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वर यात्रा एकाच आठवड्यात येतात. त्या आठवड्यात बंद रस्ते, मिरवणुकीची वेळ अशा गोष्टीच लिहून होतात, म्हणून यात्रेतील नंदीध्वज, अडुसष्ट लिंगे आणि अक्षता सोहळा यांवरची स्थायी पाने नोव्हेंबरअखेर पूर्ण असावी लागतात. पंढरपूरची आषाढी एकादशी मात्र सरकते. ती २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला होती. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती २५ जुलैला येते. जुलैचा पहिला आठवडा मागच्या वर्षीच्या पहिल्या आठवड्याशी ताडून पाहिला तर वारीच्या पानाचे वाचक कोसळल्याचा आभास होतो. वारीच्या पानांची तुलना म्हणून एकादशीपासून मागे दिवस मोजूनच करावी. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचीच आकडेवारी राहते. दोन हंगामांची तुलना त्यात जेमतेम बसते, म्हणून प्रत्येक हंगाम संपताच ती उतरवून ठेवावी लागते.

निवडणूक, पूर किंवा अपघात यांसारख्या घटनांची आखणी आगाऊ होत नाही. त्यांच्यासाठी आराखड्यात मोकळी जागा ठेवली जाते आणि अशी घटना घडली नाही तर ती जागा जुन्या सदाहरित पानांच्या फेरतपासणीला दिली जाते.